वाटीतली अंडी: एअर फ्रायर लावण्याआधी

अंडी आदल्या रात्रीच फ्रीजबाहेर काढायची गरज नाही, पण सकाळी मशीन लावण्याआधी ती गार राहता कामा नयेत. विसरलात तर नळाच्या कोमट पाण्यात पाचसात मिनिटं बुडवून ठेवा. थंडगार अंड्याला सहज दीडदोन मिनिटं जास्त लागतात, आणि तेवढ्यात वरचा भाग रबरासारखा होतो. पाण्यात घातलीच आहेत तर ताजी आहेत का तेही दिसेल. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहू लागतं. जुनं पण चांगलं असलेलं अंडं उकडायला ठेवा, कारण त्याचं पांढरं पाण्यासारखं पसरतं आणि बलक वाटीच्या एका बाजूला जाऊन टेकतो.

मग वाट्या. आठनऊ सेंटिमीटर तोंडाची जाड चिनी मातीची वाटी, म्हणजे दुकानात रॅमकिन म्हणून मिळते ती, सगळ्यांत निवांत. ओव्हनमध्ये चालते असं खाली लिहिलेलं आहे का ते बघा. घरची स्टीलची आमटीची वाटीही चालते, फक्त पातळ स्टील पटकन तापतं म्हणून वेळ मिनिटभराने कमी धरा. काचेची वाटी मी एअर फ्रायरमध्ये घालत नाही. गरम वाटीत गार काही पडलं की तडकायची धास्ती असते. वाट्या रिकाम्या असतानाच मशीनच्या जाळीत मांडून बघा. चार बसतील असं वाटतं, बसतात तीन, आणि हे अंडी फोडल्यावर कळून उपयोग नाही.

खरी अडचण इथून पुढे आहे. एअर फ्रायरची उष्णता वरून येते आणि पंखा तीच हवा जोरात फिरवतो. त्यामुळे अंड्याचा पृष्ठभाग आधी शिजतो. वरून पांढरं घट्ट दिसतं, बलकावर साय धरते, तुम्ही खुशीत वाटी काढता आणि चमचा घातला की तळाला चिकट, कच्चं पांढरं. पहिल्या चारपाच वेळा माझं हेच झालं आणि मी दरवेळी तापमान वाढवत गेले, म्हणजे नेमकं उलटं. वरची आच कमी आणि तळाची जास्त हवी.

म्हणून वाट्या आधी तापवा. प्रत्येकीत अर्धा चमचा लोणी लावा, तळाला चमचाभर भाजी पसरा आणि १६० अंशांवर चार मिनिटं ठेवा. भाजी कोरडी हवी. पालक असेल तर वाफवून मुठीत घट्ट पिळा, टोमॅटो असेल तर कांद्याबरोबर तेल सुटेपर्यंत परता. कच्चा टोमॅटो घातलात तर पाणी सुटेल, आणि शेवटी वाटीत दिसणारं पाणी टोमॅटोचं की कच्च्या अंड्याचं हे ठरवत बसावं लागेल. (चमच्याने उचलून बघा: टोमॅटोचं पाणी गळून पडतं, पांढऱ्याची तार येते.) मीठ भाजीतच घाला. बलकावर पडलेल्या मिठाचे पांढरट ठिपके उठतात.

अंडं थेट वाटीत फोडू नका. छोट्या बशीत फोडून, कवचाचा तुकडा नाही ना हे बघून, मग गरम वाटीत सोडा. वर चमचाभर घरची साय, पण ती पांढऱ्यावर, बलकावर नाही. आता फॉइलचं झाकण, आणि ते नुसतं ठेवायचं नाही. कडा वाटीखाली नीट दुमडून घ्यायच्या. पंखा सैल फॉइल उडवतो आणि ती वरच्या तापलेल्या कॉइलला जाऊन चिकटू शकते. झाकणामुळे आत वाफ कोंडते. ओव्हनमध्ये हेच काम फ्रेंच पद्धतीत गरम पाण्याचा ट्रे करतो: वाट्या पाण्यात अर्ध्या बुडवून १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं.

एअर फ्रायरला १६० अंशांवर मातीच्या वाटीत मऊ बलकासाठी सातआठ मिनिटं, घट्ट बलकासाठी अकराबारा. शेवटची दोनतीन मिनिटं फॉइल काढून. हे आकडे माझ्या मशीनचे आहेत. पहिल्या दिवशी एकच अंडं लावा आणि पाचव्या मिनिटापासून दर मिनिटाला ड्रॉवर उघडून बघा, म्हणजे तुमच्या मशीनचा आकडा कळेल.

बघायचं काय, तर रंग नाही, हालचाल. सांडशीने वाटीला हलका धक्का द्या. सगळा पृष्ठभाग पाण्यासारखा डुचमळला तर अजून वेळ आहे. कडा स्थिर आणि फक्त मधला भाग खरवसासारखा थरथरला की काढायची वेळ झाली. पांढरं सर्वांत शेवटी शिजतं ते बलकाला लागून, म्हणून शंका असेल तर बलकाच्या कडेला सुरीचं टोक घालून थोडं बाजूला सारा. आत पारदर्शक चिकट काही दिसलं तर आणखी मिनिटभर. बलक चकचकीत आणि बोटाने दाबल्यावर फुगा दबावा तसा दबला तर आत पातळ आहे. फिकट, मंद आणि टणक लागला तर घट्ट झाला. मातीची वाटी बाहेर काढल्यावरही दोनेक मिनिटं शिजवत राहते, म्हणून थरथर थोडी शिल्लक असतानाच काढा. स्टीलच्या वाटीला ही सवलत नाही, ती पूर्ण झाल्यावरच काढा.

आमच्याकडे रविवारी तिघं असतो, आणि सासूबाईंना वयामुळे बलक घट्टच द्यायचा असतो. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं यांच्यासाठी पातळ बलक नको. साल्मोनेलाची जोखीम घेण्यात अर्थ नाही, पांढरं आणि बलक दोन्ही घट्ट हवेत. म्हणून तिन्ही वाट्या भाजीसकट एकदम तापवते, आधी फक्त सासूबाईंच्या वाटीत अंडं सोडते आणि चार मिनिटांनी बाकीच्या दोन्हींत. त्या दोन वाट्या तोवर आतच राहतात, निवत नाहीत. पुढची आठ मिनिटं झाली की तिन्ही एकदम बाहेर: त्यांचं बारा मिनिटांचं, आमची आठ मिनिटांची. मधे ड्रॉवर उघडल्याने आच उतरते, म्हणून कधी वर एक मिनिट लागतं. त्या मिनिटात पाव भाजून होतात.

वाट्या उतरवायला ओला फडका घेऊ नका, वाफेने हात पोळतो. कोरडा जाड फडका आणि खाली लाकडी पाट. मिरपूड वाटी बाहेर आल्यावर, आत घातली तर पंखा ती मशीनभर उडवतो. दुसरा घाणा लावायचा असेल तर मशीन आधीच तापलेलं असतं, तेव्हा सातव्याऐवजी सहाव्याच मिनिटाला उघडून बघा. आणि रिकाम्या वाट्या आधी गार पाण्यात भिजत टाका. गरम पाण्याने कडेचं अंडं आणखी घट्ट चिकटतं.