सॉफ्टवेअर करून घेताना हप्ते आणि स्वीकृती चाचणी कशी ठरवावी

स्वतःसाठी सॉफ्टवेअर बनवून घेताना करारात बहुतेक वेळा असं असतं: "मॉड्यूल सुपूर्द केल्यावर २५ टक्के." गडबड इथेच होते. सुपूर्द केलं म्हणजे डेव्हलपरने लिंक पाठवली, एवढंच. ते चालतं का, हे अजून कोणी पाहिलेलंच नसतं. म्हणून हप्ता सुपूर्दीला नको, लेखी स्वीकृतीला बांधा.

समजा, गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारी प्रणाली करून घ्यायची आहे.

१. टप्पे पाडा

"बॅकएंड ७० टक्के पूर्ण" हा टप्पा नव्हे, कारण तो तुम्हाला तपासता येत नाही. टप्पा म्हणजे तुमचा माणूस स्क्रीनसमोर बसून वापरून पाहू शकेल असं काहीतरी. आपल्या उदाहरणात आगाऊ १० टक्के, मालाची आवक-जावक चालू झाली की २५, अहवाल आणि वापरकर्त्यांचे अधिकार झाले की २५, जुन्या डेटासह पूर्ण प्रणाली स्वीकारली की २५, आणि उरलेले १५ टक्के ९० दिवसांच्या वॉरंटीनंतर. आगाऊ रकमेबद्दल घासाघीस होणारच. मात्र शेवटची राखून ठेवलेली रक्कम फार खाली येऊ देऊ नका; वॉरंटीत फोन उचलला जातो तो तिच्यामुळे.

२. चाचण्या काम सुरू होण्यापूर्वी लिहा

"माल देण्याची सोय असावी" हे वाक्य चाचणीला निरुपयोगी आहे. त्याऐवजी असं लिहा: एका वस्तूचे ४० नग शिल्लक आहेत. दोन कर्मचारी दोन संगणकांवरून एकाच वेळी प्रत्येकी ३० नगांची जावक नोंदवतात. एक नोंद व्हावी, दुसऱ्याला "साठा अपुरा" असा संदेश दिसावा आणि शिल्लक १० राहावी.

डेमोत एकटा माणूस सावकाश क्लिक करतो, तेव्हा सगळं सुरळीत दिसतं. ही चाचणी केली की शिल्लक उणे २० झालेली किंवा दोन्ही नोंदी होऊनही १० दाखवणारी प्रणाली लगेच पकडली जाते. प्रत्येक टप्प्याला अशा पंधरा-वीस चाचण्या पुरतात. त्या कराराला परिशिष्ट म्हणून जोडा. डेटा तुमचा खरा वापरा, फक्त ग्राहकांची नावं आणि फोन नंबर बदलून. डेव्हलपरच्या नमुना डेटात अर्धवट पत्ते आणि दुहेरी कोड कधीच नसतात.

३. दोष किती चालतील, हे आधीच ठरवा

काम अडतं किंवा आकडा चुकतो, तो दोष गंभीर. वळसा घालून काम होतं, तो मध्यम. बाकीचे किरकोळ. नियम साधा ठेवा: गंभीर एकही नको, मध्यम जास्तीत जास्त तीन आणि तेही दुरुस्तीच्या लेखी तारखेसह, किरकोळ दोषांसाठी हप्ता अडवायचा नाही. बटणाच्या रंगावरून बिल थांबवणारे क्लायंटही असतात आणि त्यांच्या कामावरची चांगली माणसं हळूच दुसऱ्या प्रोजेक्टवर जातात.

दोष की नवी मागणी, हा वाद हमखास होतो. गरजपत्रकात किंवा चाचणीत लिहिलेलं चालत नसेल तर दोष, लिहिलेलंच नसेल तर चेंज रिक्वेस्ट आणि तिचे वेगळे पैसे.

४. मुदतीचं कलम नीट वाचा

"१० दिवसांत हरकत न आल्यास काम स्वीकारले असे मानले जाईल" हे कलम डेव्हलपर घालणारच, आणि ते अगदीच गैर नाही; क्लायंट महिनोन्‌महिने गप्प बसतात. पण दिवस कधीपासून मोजायचे, ते बघा. चाचणी सर्व्हरवर प्रणाली चढवून, माहीत असलेल्या दोषांच्या यादीसह लेखी सूचना आल्यापासून मोजा, आणि तेही कामकाजाचे दिवस. मुदत संपण्याच्या तीन दिवस आधी आठवणीचा मेल आला नसेल तर हे कलम लागू होऊ नये, असं जोडून घ्या. "प्रत्यक्ष वापर सुरू केल्यास स्वीकृती" असं वाक्य असेल तर मर्यादित प्रायोगिक वापर त्यातून वगळा.

५. नाकारायचं असेल तर

"नीट चालत नाही" असं कळवू नका. चाचणीचा क्रमांक, काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं आणि स्क्रीनशॉट, एवढं मुदतीत लेखी पाठवा. दुरुस्तीनंतर फक्त तोच दोष न तपासता त्या टप्प्याच्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवा. एक दोष काढताना दुसरीकडे नवा शिरणं नेहमीचंच आहे. दोन फेऱ्यांनंतरही गंभीर दोष उरला तर मुदतवाढ द्यायची, किंमत कमी करून घ्यायची की करार संपवून त्या टप्प्याचे पैसे रोखायचे, ही निवड तुमची असेल, असं करारात आधीच असू द्या.

६. सोर्स कोड शेवटावर सोडू नका

प्रत्येक टप्प्याचा कोड तुमच्या नावावरच्या रिपॉझिटरीत आला तरच तो हप्ता. अंतिम चाचणीत आणखी एक गोष्ट घाला: त्याच कोडवरून, दिलेल्या सूचना वाचून, तुमच्या बाजूच्या तंत्रज्ञाने कोऱ्या सर्व्हरवर प्रणाली उभी करून दाखवायची. एखादी फाइल किंवा पासवर्ड डेव्हलपरच्या लॅपटॉपवरच राहिला असेल तर तो इथे उघडा पडतो, आणि तेव्हा ४० टक्के रक्कम अजून तुमच्याच हातात असते.