रमजानात रिपोर्टची वेळ बदलते तेव्हा

दुबईत मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर नुकत्याच लागलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. रमजान तोंडावर आला की ब्रँचच्या ग्रुपवर एक नोटीस येते: ‘डेली क्लोजिंग रिपोर्टची वेळ उद्यापासून बदलत आहे.’ आपली माणसं अंगठा दाखवून मोकळी होतात. नीट कळलं नाही तरी विचारत नाहीत, कारण विचारायला लाज वाटते. आमचे मल्याळी सहकारी चार फोन करून खात्री करून घेतात आणि निवांत झोपतात.

‘उद्यापासून’ म्हणजे नक्की कधी, हे चंद्र ठरवतो. चंद्रदर्शनाची घोषणा संध्याकाळनंतर होते, म्हणून पक्की नोटीस बऱ्याचदा रात्रीच येते. या महिन्यात खासगी नोकरीतले कामाचे तास रोज दोनने कमी होतात, तुम्ही रोजा धरा वा न धरा. त्यावर काम केलंत तर तो ओव्हरटाइम, त्याची नोंद स्वतःजवळ ठेवा.

आता खरी गोष्ट. इफ्तारनंतर गिऱ्हाईक वाढतं, म्हणून आमच्याकडे संध्याकाळची शिफ्ट मध्यरात्रीपर्यंत लांबते. एरवी साडेनऊला जाणारा रिपोर्ट मग बारा वाजून गेल्यावर जातो. तोवर कॉम्प्युटरची तारीख बदललेली असते, पण हिशेब आदल्या दिवसाचाच असतो. रिपोर्टमध्ये ‘बिझनेस डेट’चा रकाना असतो. तिथे हाताने आदली तारीख निवडायची.

मी पहिल्या वर्षी ती निवडली नाही. बुधवारी सुरुवातीची रोकड ८५,००० दिरहम, आले १,४२,०००, गेले १,१७,०००, शिल्लक १,१०,०००. आकडे चोख होते. रात्री १२ वाजून २० मिनिटांनी पाठवले, तारीख पडली गुरुवारची. गुरुवारचा खरा रिपोर्ट गेला तो त्याच्यावरच चढला आणि बुधवार कोरा राहिला. हेड ऑफिसला दिसलं ते असं: मंगळवारची शिल्लक ८५,०००, गुरुवारची सुरुवात १,१०,०००. मधले २५,००० आले कुठून? सेहरीपर्यंत तीनदा रोकड मोजली. एक दिरहमही इकडचा तिकडे नव्हता, तरी वॉर्निंग लेटर मिळालं आणि त्या वर्षीचा बोनस बुडाला.

म्हणून पाठवण्याआधी एवढं बघा: आजची सुरुवातीची रोकड कालच्या शिल्लकेइतकी आहे का? नसेल तर नोटा मोजत बसण्याआधी तारीख तपासा. चूक पाठवून झाली असेल तर दुसरा रिपोर्ट पाठवू नका, आधी हेड ऑफिसला फोन करून पहिला रद्द करून घ्या.

दिवसा काउंटरवर चहा पिऊ नका, आतल्या खोलीत प्या.

आणि २९व्या रोज्याच्या रात्री फोन सायलेंटवर टाकून झोपू नका. चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही तर अजून एक दिवस रिपोर्ट उशिराच जायचा. सुट्टीनंतर साडेनऊची वेळ पुन्हा लागू होते, त्याची वेगळी नोटीस आमच्याकडे दोन वर्षं आलीच नव्हती.