पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शन: वजाचं चिन्ह नेमकं कुठे चुकतं

सर्किटमधला कोणता घटक पॉवर शोषतो आणि कोणता पुरवतो, या प्रश्नात आकडे सहसा बरोबर येतात. चुकतं ते चिन्ह. नियम एका ओळीचा आहे. करंटचा बाण घटकाच्या व्होल्टेजच्या + टोकातून आत शिरत असेल तर p = v·i घ्यायचं, बाण + टोकातून बाहेर पडत असेल तर p = −v·i. उत्तर धन आलं की घटक पॉवर शोषतो, ऋण आलं की पुरवतो.

यातला बाण म्हणजे आपण कागदावर काढलेला बाण, करंटची खरी दिशा नव्हे. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

एक साधं सर्किट घेऊ: 14 V चा चार्जर, 0.5 Ω चा रेझिस्टर आणि चार्ज होणारी 12 V ची बॅटरी, सगळं एकाच लूपमध्ये. चार्जर आणि बॅटरी दोघांचंही + टोक वर, रेझिस्टर त्या दोन टोकांच्या मध्ये. चार्जरच्या + मधून निघून रेझिस्टरमार्गे बॅटरीच्या + कडे जाणारा बाण काढला, तर i = (14 − 12) / 0.5 = 4 A.

चार्जरच्या + मधून बाण बाहेर पडतो, म्हणून p = −14 × 4 = −56 W. रेझिस्टरसाठी 2 × 4 = +8 W. बॅटरीच्या + मध्ये बाण आत शिरतो, म्हणून p = 12 × 4 = +48 W. चार्जर 56 W देतो, त्यातले 8 W उष्णतेत जातात आणि 48 W बॅटरी घेते.

पहिली चूक इथेच होते. बॅटरी म्हणजे सोर्स, आणि सोर्स म्हणजे पुरवणारा, असं धरून 48 च्या आधी डोळे मिटून वजा लावला जातो. सोर्स हे नाव चिन्ह ठरवत नाही, ते बाण आणि + यांच्यावरूनच ठरतं. चार्ज होणारी प्रत्येक बॅटरी त्या वेळी पॉवर शोषतच असते.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. समजा बाण उलटा काढला. मग समीकरणातून i = −4 A येईल, आणि त्यात काहीच बिघडलेलं नाही. आता बॅटरीच्या + मधून बाण बाहेर पडतो, म्हणून p = −v·i = −(12)(−4) = +48 W. उत्तर तेच. पण पुष्कळ जण वजा दिसल्यावर मनातल्या मनात बाण फिरवतात आणि i मात्र −4 च ठेवतात. मग 12 × (−4) = −48 येतं आणि बॅटरी पुरवणारी ठरते. एक तर बाण आहे तसा ठेवून −4 वापरा, नाहीतर बाण पुसून नव्याने काढा आणि +4 लिहा. दोन्हींची सरमिसळ नको.

रेझिस्टरच्या बाबतीत हाच प्रकार ओहमच्या नियमात घुसतो. v = iR हे बाण + मध्ये आत जात असेल तरच खरं; बाण उलटा असेल तर v = −iR लिहावं लागतं. रेझिस्टरची पॉवर ऋण आली तर पुढे जाऊच नका. साधा रेझिस्टर पॉवर पुरवू शकत नाही, म्हणजे चिन्ह कुठेतरी नक्की चुकलंय.

शेवटी सगळ्या पॉवरची बेरीज करून पाहायची: −56 + 8 + 48 = 0. बॅटरीचं चिन्ह चुकलं असतं तर बेरीज −96 आली असती आणि चूक लगेच उघडी पडली असती. मात्र या तपासणीला एक मर्यादा आहे. सगळ्याच घटकांना उलटा नियम लावला, तर +56 − 8 − 48 हीसुद्धा शून्यच होते. तिथे रेझिस्टरचं −8 च तुम्हाला वाचवतं, म्हणून बेरजेआधी त्याच्याकडे बघा.

हेच सर्किट एलटीस्पाइसमध्ये चालवणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो:

```
charger
V1 a 0 14
R1 a b 0.5
V2 b 0 12
.op
.end
```

उत्तरात `I(V1)` −4 A दिसतो आणि `I(V2)` +4 A. चार्जर करंट देत असताना वजा का, म्हणून लोक V1 ची टोकं उलटी जोडून बघतात आणि सर्किटच बिघडवतात. स्पाइसमध्ये व्होल्टेज सोर्सचा करंट पहिल्या, म्हणजे + नोडमधून आत शिरणारा धन मानतात. हेच पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शन आहे, म्हणून सरळ गुणाकार करा: 14 × (−4) = −56 W. वरून आणखी वजा लावायचा नाही. रेझिस्टरलाही हेच लागू. `R1 b a 0.5` असं लिहिलं तर `I(R1)` −4 A होतो, पण तेव्हा व्होल्टेजही b वजा a, म्हणजे −2 V घ्यायचा. पॉवर +8 W च राहते.