टाइप न करता, नुसतं बोलून व्हॉट्सॲपवर फोटो कसा पाठवायचा

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. "कीबोर्डवरचा माइक दाब आणि बोल" हा सल्ला फोटोसाठी काही कामाचा नाही, तो माइक फक्त शब्द लिहितो, बटणं दाबत नाही. बटणं दाबायला अँड्रॉइडवर Voice Access हे गूगलचं ॲप लागतं, प्ले स्टोअरवर फुकट आहे. आयफोनमध्ये Voice Control आधीपासूनच असतं, तिथेही कल्पना हीच. खाली मी अँड्रॉइडचं सांगतोय.

ॲप टाकायचं, सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करायचं, माइकची परवानगी द्यायची. एकदाच करायचं आहे, घरातल्या कोणाकडून तरी करून घ्या.

कमांड इंग्लिशमध्ये द्या, मराठी ते समजत नाही. आणि व्हॉट्सॲप मराठीत ठेवलं असेल तर बटणांची नावंही मराठी, मग तुम्ही "टॅप सेंड" म्हणत बसता आणि ते ढिम्म. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ॲपची भाषा वेगळी बदलता येते, ती इंग्लिश करून टाका. नाव माहीत नसलेलं बटण असेल तर "शो नंबर्स" म्हणायचं, स्क्रीनवर दाबता येण्यासारख्या प्रत्येक गोष्टीवर आकडा येतो, मग "टॅप सेव्हन".

आता खरी अडचण. सगळे सांगतात की चॅट उघडा, "टॅप अटॅच", "टॅप गॅलरी", झालं. काही झालं नाही! गॅलरीत बारक्या बारक्या फोटोंची चळत असते, त्यांना बोलता येईल असं नाव नसतं, म्हणजे "टॅप डॉक्टरची चिठ्ठी" चालत नाही. आकडे मागितले तर ते फोटोंवरच येऊन बसतात आणि चिठ्ठी कुठली न लाइटबिल कुठलं तेच दिसेनासं होतं. त्यात "स्क्रोल डाउन" केलं की आकडे पुन्हा नव्याने पडतात, मघाचा 14 आता दुसऱ्याच फोटोवर. शिवाय थर्टीन म्हटलं की थर्टी ऐकू येतं ते वेगळंच. मीही याच पायरीवर बरेच दिवस अडकलो होतो, आता कोणाला शिकवताना हा रस्ता दाखवतच नाही.

उलट्या बाजूने या, म्हणजे आधी फोटो आणि मग माणूस. गूगल फोटोजमध्ये लागणारे कागद, म्हणजे औषधांची चिठ्ठी, रिपोर्ट, लाइटबिल, एका अल्बममध्ये टाकून ठेवायचे आणि अल्बमला सोपं इंग्लिश नाव द्यायचं, उदाहरणार्थ Papers. हे काम हात चालणाऱ्या माणसाने एकदा करून द्यायचं आणि नवीन कागद आला की भर टाकायची. अल्बममध्ये आठ-दहाच फोटो ठेवा, शंभर झाले की परत गॅलरीच झाली ना ती.

समजा मावशीला चिठ्ठी मुलीला पाठवायची आहे. तर ती असं बोलेल:

```
Open Photos
Tap Collections
Tap Albums
Tap Papers
Show numbers
Tap 3
Tap Share
Tap WhatsApp
```

पेपर्स दिसला नाही तर "स्क्रोल डाउन". "टॅप थ्री" नंतर फोटो अख्ख्या स्क्रीनवर मोठा दिसतो आणि इथेच थांबून बघायचं की हाच ना. चुकला असेल तर "गो बॅक". गॅलरीत बारीक चौकोनावरून नेम धरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कधीकधी मोठ्या फोटोवर शेअरचं बटणच गायब असतं, घाबरू नका, ते लपलेलं असतं, "शो ग्रिड" म्हणून मधल्या चौकोनाचा आकडा टॅप केला की परत येतं.

पुढे माणूस निवडताना नाव बोलू नका, मराठी नावांचं ते काय ऐकेल याचा नेम नाही. "शो नंबर्स" आणि मुलीच्या नावावरचा आकडा. नेहमी बोलणारी माणसं सहसा वरच असतात. आकडा चुकून फॅमिली ग्रुपवर गेला तर सगळ्या नातेवाइकांना तुमची शुगर कळेल, म्हणून निवडलेलं नाव खाली येतं ते वाचा आणि मगच बाणाच्या बटणाचा आकडा म्हणा. मग फोटो परत एकदा दिसतो, तिथे "टॅप सेंड". तिथे काही लिहायच्या भानगडीत पडू नका, Voice Access मराठी लिहून देत नाही, नुसता फोटो जाऊ दे.

आणि टीव्ही बंद ठेवा हो, मालिकेतली बाई काय बोलेल ते फोन कमांड समजून ऐकायला जातो. काम झालं की "स्टॉप लिसनिंग". मध्येच थोडा वेळ गप्प राहिलात तर ऐकणं आपोआप बंद पडतं, हळू बोलणाऱ्यांसाठी हे फार त्रासदायक, तेव्हा ॲपच्या सेटिंगमध्ये टाइमआउटचा पर्याय आहे तो बंद करून घ्या.