मुलाखतीवरून अ‍ॅनिमेटेड माहितीपट: चित्रं शब्दांवर कशी बसवाल?

समजा, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाबद्दल एका निवृत्त कामगाराची 40 मिनिटांची मुलाखत हाताशी आहे आणि त्यातून 3 मिनिटांची फिल्म करायची आहे. तर पेन्सिल इतक्यात उचलू नका. आधी मुलाखत शब्दशः उतरवून घ्या. समासात मिनिट-सेकंद टाका. हुंदका, हसू, खोकला, थांबणं हेही लिहा. चित्राला जागा बहुतेक वेळा तिथेच मिळते.

मग फक्त आवाज कापून 3 मिनिटांचा करा. वाक्यांमधली शांतता सरसकट उडवू नका. जोडणीत रिकामी जागा भरायला त्याच खोलीतली अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड केलेली असावी, नाहीतर तिथे आवाजाला भोक पडल्यासारखं वाटतं. आवाज पक्का झाल्यावर बोलणाऱ्याला ऐकवा. एक ‘पण’ गळला तरी अर्थ उलटतो. त्यानंतर कात्री लावायची नाही. अर्धा सेकंद कापला तर पुढची सगळी चित्रं 12 फ्रेम सरकतात.

आता एक जागा जवळून पाहू. ‘भोंगा वाजला’ (1 सेकंद), मग दीड सेकंद शांतता, मग ‘आत कोणीच गेलं नाही’ (दीड सेकंद). सेकंदाला 24 फ्रेमनी हे 96 फ्रेम झाले: 24, 36, 36. नवखा माणूस पहिल्या वाक्यावर भोंगा काढतो आणि शेवटी ओस पडलेलं फाटक. म्हणजे कानाने ऐकलं तेच डोळ्यांना पुन्हा सांगितलं, आणि शांतता वाया गेली.

त्याऐवजी पहिल्या वाक्यावर फाटकाबाहेरची गर्दी स्थिर ठेवा. शांततेत एकच हालचाल: कोणीतरी डबा या हातातून त्या हातात घेतो. दुसऱ्या वाक्यावर तोच हात, पुन्हा स्थिर. हे शेवटचं चित्र ‘आत’ या शब्दाच्या 2 फ्रेम आधी आणा. आवाजामागून येणारं चित्र लगेच खटकतं, किंचित आधी आलेलं खटकत नाही.

हिशेब असा: दर 2 फ्रेमना एक चित्र धरलं, तर 34 फ्रेमच्या हालचालीला 17 चित्रं लागतात. स्थिर चित्र मात्र अगदीच गोठवू नका, व्हिडिओ अडकल्यासारखा दिसतो. तेच चित्र तीनदा गिरवून आलटून पालटून दाखवा, रेषा जिवंत राहते. दोन स्थिर जागांची 6 मिळून एकूण 23 चित्रं झाली. सगळंच हलवलं असतं तर 48 लागली असती.

हे आकडे एक्स्पोजर शीटवर उतरवा: एका रकान्यात शब्द, शेजारी चित्राचा क्रमांक.

शेवटी प्रत्येक शॉटचं एकेक कच्चं चित्र आवाजावर लावून अ‍ॅनिमॅटिक करा आणि मुलाखत न ऐकलेल्या माणसाला दाखवा. एखादं वाक्य त्याच्या लक्षातच राहिलं नाही, तर बहुधा तिथे चित्र फार बोलतंय. तिथली हालचाल कमी करा, मगच पक्की चित्रं काढायला घ्या.