गच्ची वॉटरप्रूफिंगचा कंत्राटदार निवडताना गुणपत्रक कसं बनवावं

सोसायटीच्या गच्चीचं काम काढलं की चार-पाच निविदा येतात आणि कमिटीची बैठक दरावरच अडकते. ते टाळायचं तर निविदा मागवण्याआधीच गुणपत्रक तयार करून निविदेच्या कागदातच छापावं. पाकिटं उघडल्यावर बनवलेलं गुणपत्रक कुणाला तरी झुकतं माप देण्यासाठी केलंय असंच वाटतं.

आधी अपेक्षांची यादी करा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: बाकी सगळं उत्तम असून एवढंच नसेल, तर काम देऊ का? उत्तर 'नाही' आलं तर ती अट अनिवार्य. जीएसटी नोंदणी, बयाणा रक्कम, मागच्या 5 वर्षांत 5,000 चौरस फुटांपेक्षा मोठ्या किमान 2 गच्च्या पूर्ण केल्याचे दाखले आणि काम संपल्यावर 48 तास पाणी साठवून चाचणी देण्याची लेखी तयारी, एवढ्या अटी पुरतात. 'चांगला अनुभव हवा' ही अट होत नाही, कारण ती कागदावरून तपासता येत नाही. अनिवार्य अटींना गुण नसतात, फक्त 'आहे' किंवा 'नाही'.

इथे एक बारकावा आहे. पोद्दार स्टील प्रकरणात (1991) बयाणा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने किंवा रोखीने मागितला होता आणि निविदाकाराने युनियन बँकेचा चेक दिला. सर्वोच्च न्यायालयाने मूळ अट आणि तिला पूरक अट यांत फरक केला. चेकची ही त्रुटी पूरक बाबीतली असल्याने ती माफ करता येते, असं ठरवलं. सोसायटीनेही हाच फरक आधी लिहून ठेवावा. दाखल्याची प्रत जोडायची राहिली असेल तर सगळ्यांना सारखीच 3 दिवसांची मुदत द्यावी. कामच झालेलं नसेल तर मुदत देऊन काही होत नाही.

आता ऐच्छिक बाबी, एकूण 100 गुण. अनुभवाला 30: अनिवार्य 2 कामांच्या पुढच्या प्रत्येक कामाला 6 गुण, जास्तीत जास्त 5 कामांपर्यंत. पहिली 2 कामं इथे पुन्हा मोजू नका, एकाच गोष्टीचं दोनदा श्रेय जातं. हमीला 30: 5 वर्षांना 10, 7 वर्षांना 20, 10 वर्षांना 30. या दोन्ही बाबींत थोडं जास्त असलं की थोडा जास्त फायदा खरोखरच होतो, म्हणून अंशतः गुण योग्य.

कामाच्या पद्धतीला 40, आणि चूक होते ती इथेच. लेखी पद्धतीत पाच टप्पे मागायचे: जुना थर खरवडणं, भेगा भरणं, कठडा आणि स्लॅबच्या काटकोनी कोपऱ्यात गोलसर उतार देऊन वाटा मारणं, पावसाच्या पाइपचं तोंड सील करणं, मग लेप. प्रत्येकी 8 गुण देणं न्याय्य वाटतं. पण वाटा नसेल तर काटकोनात लेपाला चीर पडते, पाणी तिथून शिरतं आणि बाकी चार टप्पे वाया जातात. जे टप्पे एकमेकांवर अवलंबून असतात, तिथे 40 किंवा 0 असंच ठेवावं.

याने निकाल किती बदलतो ते पाहा. कंत्राटदार 'अ': 7 कामं, 10 वर्षांची हमी, पण पद्धतीत वाटा नाही. 'ब': 4 कामं, 7 वर्षांची हमी, पाचही टप्पे. टप्प्यागणिक गुण दिले तर 'अ'ला 30+30+32, म्हणजे 92, आणि 'ब'ला 12+20+40, म्हणजे 72. पद्धत 'पूर्ण किंवा शून्य' ठेवली की 'अ' 60 वर येतो आणि 'ब' 72 वरच राहतो. दराचं पाकीट उघडायला किमान 65 गुण ठरवले असतील तर 'अ'चा दर बघायचाही नाही. मात्र वाटा लिहायचा राहिला की करायचाच नाही, हा खुलासा गुण देण्याआधी लेखी मागावा. तोही सगळ्यांकडून, एकाच दिवशी.

'क' 9 कामं सांगतो, पण मुदत देऊनही एकाही कामाचा दाखला देत नाही. त्याचं गुणपत्रक भरूच नये. एकदा भरलं की मोठा आकडा समोर दिसतो आणि 'एवढे गुण आहेत तर दाखल्याचं काय' अशी चर्चा सुरू होते.

किमान गुण फक्त एकूण बेरजेवर ठेवले तर एखादी बाब शून्य असूनही कुणी पुढे जातो. 5 वर्षांपेक्षा कमी हमीला इथे शून्य मिळतं, तरी बाकीचे 70 घेऊन तो 65 ओलांडतो. तेवढी हमी चालणारच नसेल तर '5 वर्षं' ही अट सरळ अनिवार्य यादीत टाका.

इतिवृत्तात बाद झालेल्याच्या नावापुढे न पाळलेल्या अटीचा क्रमांक लिहा आणि बाकीच्यांचे तिन्ही बाबींचे गुण वेगवेगळे द्या. नुसती बेरीज लिहिली तर हरकत आल्यावर कोणत्या बाबीत कोण कमी पडलं हे दाखवता येत नाही.