बीपी वाढले तरी जाणवत का नाही, आणि आकडा १८०/१२० च्या घरात दिसल्यास काय पाहावे

डोके जड झाले किंवा मान आखडली की कोकणातल्या घरांत बहुधा दोनच निदाने होतात: पित्त चढले, नाही तर बीपी वाढले. पित्तावर आमसुलाचे सार घेतल्याने काही बिघडत नाही. मात्र बीपीसाठी शेजारच्याची गोळी मागून घेतली, तर बिघडू शकते. बीपी आहे की नाही हे लक्षणांवरून ठरत नाही, ते फक्त मोजूनच ठरते. आकडा फार वर गेलेला असताना किती घाई करायची, हे ठरवण्यासाठी मात्र लक्षणे पाहावी लागतात.

मानेतल्या मुख्य धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. दाब वाढल्याची बातमी ती मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाला देतात आणि तिथून हृदयाची गती व रक्तवाहिन्यांचे आकुंचन बदलले जाते. पण हा सारा कारभार आपल्या जाणिवेपर्यंत पोहोचत नाही. शिवाय दाब काही दिवस चढाच राहिला की हीच टोके त्या वाढलेल्या पातळीला नेहमीची पातळी मानू लागतात. मेंदूकडे जाणाऱ्या लहान धमन्यांच्या भिंतीही हळूहळू जाड होतात, त्यामुळे दाब जास्त असूनही मेंदूला मिळणारे रक्त जवळपास पूर्वीइतकेच राहते. मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या आणि डोळ्यांचा पडदा यांचे नुकसान सुरू झाले, तरी तेही दुखत नाही.

याच कारणामुळे उपचार सुरू झाल्यावर पुष्कळांचा गैरसमज होतो. वर्षानुवर्षे चढ्या दाबाला सरावलेल्या माणसाचा दाब गोळीने खाली येऊ लागला की सुरुवातीचे काही दिवस त्याला थकवा वाटतो, उठताना थोडे गरगरते. गोळीविना बरे वाटत होते आणि गोळीने त्रास झाला, असा अर्थ काढून तो गोळी सोडतो. असे गरगरणे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते मात्रा बदलतील. गोळी आपल्या मनाने थांबवू नये.

एक उदाहरण घेऊन पुढच्या पायऱ्या पाहू. समजा, देवगड तालुक्यातले चोपन्न वर्षांचे एक बागायतदार मे महिन्यात आंबा उतरवण्याच्या घाईत आहेत. सकाळपासून डोके जड आहे, पाठ दुखते म्हणून त्यांनी वेदनाशामक गोळी घेतली आहे, आणि बरे वाटते म्हणून दोन महिन्यांपूर्वी बीपीची गोळी बंद केली आहे. घाटी चढून ते आरोग्य उपकेंद्रात येतात आणि लगेच मोजल्यावर आकडा येतो १९२/११४.

पहिली पायरी, या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नये. चढण चढल्याने, उन्हाने, लघवी तुंबल्याने किंवा नुकत्याच घेतलेल्या चहा-तंबाखूने दाब तात्पुरता वाढतो. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे, उघड्या दंडाला मापाचा पट्टा बांधावा, हात हृदयाच्या उंचीवर टेकवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वर दिसतो, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. आपल्या बागायतदारांचे पुढचे दोन आकडे येतात १८४/११० आणि १८२/१०८. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० यांपैकी एकानेही मर्यादा गाठली, तर दाब अतिशय वाढलेला समजतात. त्यामुळे हा आकडा गंभीरपणे घ्यायला हवा.

दुसरी पायरी तक्रारी तपासण्याची. एवढ्या दाबाला डोके ठणकणे, डोके जड वाटणे, गरगरणे, बेचैनी किंवा नजर किंचित अंधुक होणे अशा मोघम तक्रारी दिसू शकतात. कुणाला काहीच होत नाही, आणि याच तक्रारी ऊन, जागरण, कमी पाणी किंवा चष्म्याच्या नंबरामुळेही होतात. वेदनेने आणि घाबरण्याने दाब आणखी चढतो, त्यामुळे डोकेदुखी दाबामुळे की दाब डोकेदुखीमुळे, हे एका मोजणीत सांगता येत नाही. घोळणा फुटला म्हणजे बीपीच, हाही असाच न पडताळलेला समज आहे. रक्त आल्यास बसून पुढे वाकावे, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून धरावा आणि मगच दाब मोजावा.

मोघम तक्रारींपेक्षा वेगळी, अवयवाला इजा होत असल्याची चिन्हे नीट विचारून घ्यावीत. छातीत दुखते का, छाती-पाठीत फाटल्यासारखी कळ येते का, आडवे झाल्यावर धाप लागते का, तोंड वाकडे किंवा एक हात-पाय लुळा झाला आहे का, बोलणे अडखळते का, माणूस असंबद्ध बोलतो का, दृष्टी अचानक गेली का, झटके आले का. यांतले एकही असेल तर ती तातडीची वेळ आहे. गरोदर बाईसाठी मर्यादा याहून खाली असते: १६०/११० हा आकडाच तातडीचा, आणि १४०/९० च्या वर डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा पोटात वरच्या बाजूला दुखणे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बागायतदारांमध्ये यांपैकी एकही चिन्ह नाही. त्यामुळे तिसरी पायरी संयमाची. त्यांना शांत बसू द्यावे, उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलावे आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवावे. बंद केलेली गोळी आणि वेदनाशामक या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, कारण अनेक वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ-पाणी साठते आणि दाब वाढतो. दाब एका तासात उतरवण्याची गरज नसते. तो काही दिवसांत हळूहळू उतरलेला बरा. जिभेखाली कॅप्सूल फोडून ठेवण्याची जुनी पद्धत म्हणूनच धोक्याची ठरली: चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा दाब एकदम कोसळल्याने तुटू शकतो.

वरचे एखादे गंभीर चिन्ह दिसले तर मात्र १०८ क्रमांकावर फोन करावा. पक्षाघाताची शंका असल्यास घरची गोळी, पाणी किंवा जेवण काहीच तोंडातून देऊ नये; गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते, आणि त्या घडीला मेंदूला दाबाची गरजही असते. आकडा किती, तो केव्हा मोजला आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला, या तीन गोष्टी कागदावर लिहून सोबत द्याव्यात. गुठळी विरघळवणारे औषध पक्षाघाताच्या सुरुवातीपासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावे लागते. खाडीपलीकडच्या गावातून तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला जाण्यात बराच वेळ जातो, म्हणून गाडी निघण्याआधीच सीटी स्कॅन कोणत्या रुग्णालयात चालू आहे हे विचारून सरळ तिथेच जावे.